तीन आठवडे थांबा. सात महिन्यांचं मात्र वेगळं गणित

प्रश्न: माझ्याकडे एकाच कंपनीचे १,००० शेअर आहेत. ६०० शेअर २४ फेब्रुवारी २०२५ ला ४०० रुपयांनी घेतले, ४०० शेअर ८ सप्टेंबर २०२५ ला ६५० रुपयांनी. आज भाव ९०० आहे. फ्लॅटच्या ताब्यासाठी एप्रिलअखेर ५ लाख रुपये लागतील, बाकीच्या पैशांची घाई नाही. नोकरी आहे, पगार वर्षाला १६ लाख, नवीन करप्रणाली. सगळे आत्ताच विकून मोकळं व्हावं असं वाटतं. मित्र म्हणतो, २४ तारखेपर्यंत थांब, मग सगळेच लाँग टर्म होतील. शिवाय नोव्हेंबरमध्ये घेतलेला दुसरा एक शेअर ४० हजार तोट्यात आहे, तो कधी विकू? (नाशिक, ४ फेब्रुवारी २०२६)

उत्तर: आज विकू नका. पण मित्राचं म्हणणं तुमच्या ६०० शेअरपुरतंच खरं आहे. मुदत कंपनीवर किंवा डिमॅट खात्यावर मोजत नाहीत, प्रत्येक खरेदीची वेगळी मोजतात. सप्टेंबरचे ४०० शेअर सप्टेंबर २०२६ पर्यंत अल्पकालीनच राहणार.

शेअर बाजारात नोंदलेले, एसटीटी म्हणजे रोखे व्यवहार कर भरलेले शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकले, तर नफा दीर्घकालीन. त्यावर १२.५ टक्के कर, आणि तोही आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर नाही. १२ महिने किंवा त्याआत विकले, तर पहिल्या रुपयापासून २० टक्के. दोन्हींवर ४ टक्के सेस धरला की प्रत्यक्ष दर १३ आणि २०.८ टक्के पडतो. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत, परवाच्या अर्थसंकल्पातही ते बदललेले नाहीत. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक बदलतील, हा हिशेब तोच राहील.

हा फरक का ठेवलाय, तेही बघा. काही महिन्यांत घेऊन विकणं हे सरकारच्या नजरेत व्यापाराच्या जवळचं, वर्षानुवर्षं भांडवल अडकवणं ही गुंतवणूक. २००४ ते २०१८ या काळात तर एसटीटी भरलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा पूर्ण करमुक्त होता, अल्पकालीन नफ्यावर मात्र आधी १० आणि पुढे १५ टक्के कर होता. एप्रिल २०१८ पासून दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के आला. आज दोन दरांत साडेसात टक्क्यांचं अंतर आहे, पण तुमच्यासारख्या मध्यम नफ्याच्या गुंतवणूकदाराला खरा फायदा दरापेक्षा सव्वा लाखाच्या सवलतीचा होतो. ती फक्त दीर्घकालीन नफ्याला आहे.

आता तुमचे आकडे. आज सगळे विकले तर पहिल्या ६०० वर ३ लाख आणि नंतरच्या ४०० वर १ लाख नफा, दोन्ही अल्पकालीन. चार लाखांवर २०.८ टक्के म्हणजे ८३,२०० रुपये कर. तीन आठवड्यांनी याच भावाला सगळे विकले तर पहिल्या ३ लाखांतून सव्वा लाख वजा होऊन १,७५,००० वर १३ टक्के, म्हणजे २२,७५० रुपये. उरलेल्या १ लाखावर पूर्वीसारखेच २०,८००. एकूण ४३,५५०. नुसत्या थांबण्याने ३९,६५० रुपये वाचले.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण तुमच्या सुदैवाने मध्ये ३१ मार्च येतोय. सव्वा लाखाची सवलत दर आर्थिक वर्षाची असते. न वापरलेली पुढच्या वर्षात नेता येत नाही, पण १ एप्रिलला नवी मिळते. तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस २५० शेअर विका. प्रत्येकी ५०० रुपये नफा म्हणजे बरोबर १,२५,०००, कर शून्य. उरलेले ३५० शेअर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विका. नफा १,७५,०००, सवलत वजा जाता ५०,००० वर १३ टक्के, म्हणजे ६,५०० रुपये. ज्या ६०० शेअरवर आज ६२,४०० रुपये कर लागला असता, ते साडेसहा हजारांत सुटतात. हातात ५,४०,००० मधून हा कर जाऊन ५,३३,५०० राहतात, ताब्याची रक्कम एप्रिलअखेर तयार. (दलाली यात धरलेली नाही. ती नफ्यातून वजा मिळते, एसटीटी मिळत नाही.)

२५० हा आकडा ९०० च्या भावाचा आहे. विकायच्या दिवशी त्या दिवसाच्या भावातून ४०० वजा करा आणि १,२५,००० ला त्या आकड्याने भागा. भाव ९५० असेल तर २२७ शेअरच विकायचे. त्याआधी या आर्थिक वर्षात इक्विटी म्युच्युअल फंडातून काही काढलंय का ते तपासा. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवले असतील, तर तीही विक्रीच धरतात. त्या सगळ्या दीर्घकालीन नफ्याला मिळून सव्वा लाख आहेत, प्रत्येक प्रकाराला वेगळे नाहीत. लोक फसतात ते इथे.

तारखेबद्दल. कायद्याचे शब्द "१२ महिन्यांपेक्षा जास्त" असे आहेत. २४ फेब्रुवारीला वर्ष पूर्ण होण्याच्या काठावर विकून वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. २६ किंवा २७ तारखेला विका. मुदत मोजायला काँट्रॅक्ट नोटवरची तारीख धरतात, पैसे खात्यात आले ती नव्हे. मार्चमध्ये विकून पैसे एप्रिलमध्ये जमा झाले तरी ती मार्चचीच विक्री. उलट मार्चअखेरच्या सुट्ट्यांमुळे बाजार बंद असेल आणि ऑर्डर १ एप्रिलवर गेली, तर या वर्षीची सवलत गेली. म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आणि एक: कुठले शेअर विकले हे तुम्ही ठरवू शकत नाही. डिमॅट खात्यात आधी आलेले आधी गेले असंच आयकर खातं धरतं. तुमच्या बाबतीत हे सोयीचं आहे, कारण जुने शेअरच आधी जातील. पण याचा दुसरा अर्थ असा की हे ६०० संपल्याशिवाय सप्टेंबरच्या ४०० ला हात लागत नाही. मधल्या काळात कंपनीने बोनस दिला असेल तर मला कळवा. बोनस शेअरची किंमत शून्य आणि मुदत वाटपाच्या दिवसापासून धरतात, तेव्हा वरचे आकडे पार बदलतील. नुसतं विभाजन झालं असेल तर जुनी तारीख कायम राहते.

आता ते ४०० शेअर, ज्यांच्याबद्दल मित्राने घाईत निकाल दिला. ते एप्रिलमध्ये विकले तर कर २०,८००. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर विकले तर, सव्वा लाखाची नवी सवलत एप्रिलमध्येच संपलेली असल्याने, १ लाखावर १३ टक्के, म्हणजे १३,०००. बचत ७,८०० रुपये. कर नफ्यावर लागतो, भाव मात्र पूर्ण रकमेवर हलतो, म्हणून ही बचत भावाच्या भाषेत मोजून बघा. आज ९०० ला अल्पकालीन विकून शेअरमागे ८४८ रुपये हातात पडतात. सप्टेंबरनंतर दीर्घकालीन विकून तेवढेच पडायला भाव ८७८ च्या आसपास असावा लागतो. म्हणजे आजपासून सात महिन्यांत भाव २२ रुपयांनी जरी खाली राहिला, तरी करातली सगळी बचत साफ. एकाच कंपनीचा शेअर एका दिवसातही एवढा घसरतो.

पहिल्या ६०० चं याउलट होतं. एकरकमी विकायचे ठरवलेत तरी तीन आठवड्यांत भाव ८२४ पर्यंत उतरला, तरी आज विकण्याइतकेच पैसे हातात राहतात. तिथे ७६ रुपयांची उशी आहे आणि वाट पाहायचे दिवस थोडे. इथे २२ रुपये आणि सात महिने. म्हणून ४०० शेअर ठेवायचे की नाही हे कंपनीचे निकाल आणि आजची किंमत बघून ठरवा. कंपनी आवडत असेल तर ठेवा, पण केवळ करासाठी ठेवू नका.

तोट्यातल्या शेअरबाबत माझं मत स्पष्ट आहे: तो मार्चमध्ये विकू नका. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, पण ही वजावट सव्वा लाखाच्या सवलतीआधी होते. मार्चमध्ये विकलात तर ४० हजारांचा तोटा त्या १,२५,००० मधून वजा होऊन ८५,००० उरतील. तो नफा तसाही करमुक्तच होता, म्हणजे तोटा फुकट गेला. तो शेअर १ एप्रिलनंतर विका. त्याच वर्षी ४०० शेअरही अल्पकालीन विकणार असाल, तर १ लाखातून ४० हजार वजा होऊन ८,३२० रुपये कर वाचतो. ते ठेवणार असाल तर ३५० शेअरच्या ५०,००० च्या करपात्र नफ्यातून वजा होऊन ५,२०० वाचतात. तोट्यातला शेअर मात्र नोव्हेंबर २०२६ मधल्या खरेदीच्या तारखेपुढे ओढू नका. १२ महिने उलटले की तो तोटा दीर्घकालीन होतो आणि अल्पकालीन नफ्यातून वजा करता येत नाही. कंपनीच बुडीत वाटत असेल, तर अर्थात करासाठी एप्रिलची वाटही बघू नका.

भरणा आणि विवरणपत्राचं थोडक्यात. पुढच्या वर्षी टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. फक्त ३५० शेअर विकलेत तर देय साडेसहा हजारच आहे, तो विवरणपत्राच्या वेळी भरला तरी चालेल. एप्रिलमध्ये सगळेच विकलेत तर १५ जूनच्या हप्त्यापासून भरायला लागा, किंवा कार्यालयाच्या लेखा विभागाला हा नफा कळवून पगारातूनच कापून घ्यायला सांगा. फेब्रुवारीत विकलेल्या २५० शेअरवर कर शून्य असला, तरी विक्री विवरणपत्रात दाखवायचीच. आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, ती दिसतेच, आणि तिथे खरेदीची किंमत कधी चुकीची तर कधी कोरी असते. दोन्ही खरेदींच्या काँट्रॅक्ट नोट आजच पीडीएफमध्ये काढून ठेवा आणि आकडे त्यांवरूनच भरा.