राज्यसेवा मुलाखत: स्वतःची ओळख

एमपीएससीच्या मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर गाव, शिक्षण, छंद कोणत्या क्रमाने सांगू?

गावापासून सुरू करा आणि एका वाक्यातून पुढचं निघू द्या. समजा: "मी सांगोल्याचा. घरी डाळिंबाची बाग होती, तेल्या रोगाने ती तोडावी लागली. म्हणून राहुरीला कृषी पदवी घेतली. सुट्टीत गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजून वहीत लिहितो, हाच छंद. त्याच नोंदी घेऊन तहसील कार्यालयात जाऊ लागलो आणि प्रशासनात यावंसं वाटलं." मिनिटभरात संपतं. टक्केवारी कशाला, ती अर्जात असतेच. पुढचा प्रश्न मात्र तुमच्याच शब्दांवर येतो. तेल्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही, एवढंही सांगता येणार नसेल तर तो शब्द उच्चारूच नका.