दुकान बंद करतानाचा क्रम
रोज दुकान उघडताना-बंद करताना काय तपासावं? रात्री गल्ला जुळत नाही.

शटर आतून ओढा, गल्ला मोजा, मग मशीन बंद करा, कुलूप शेवटी. बिलिंग मशीन आधी बंद केलं की दिवसाच्या विक्रीचा आकडा समोर राहत नाही. समजा सकाळी सुट्टे २००० ठेवले, रोख विक्री ८४५०, गल्ल्यातून ३०० दिले, तर १०१५० हवेत. (कार्ड आणि ऑनलाइनची बेरीज वेगळी.) फरक आला तर लिहा, खिशातून भरलात तर चूक सापडणारच नाही.

- फ्रीज, कॅमेरा सोडून बाकी बटणं बंद.
- कुलूप लावून ओढून बघा.
- सकाळी आधी कुलूप आणि फ्रीजचं तापमान बघा, सुट्टे पुन्हा मोजा, मग मांडणी: लवकर मुदत संपणारा माल पुढे.