सासूबाईंच्या शिव्या मनावर घेऊ नका वहिनी

वहिनी, तुम्ही पुण्याच्या, त्यामुळं सासूबाई नातवाला "मुडदा बशिवला तुझा" म्हणल्या की पोटात गोळा येणारच. मी पण लग्न होऊन साताऱ्याकडं आले तेव्हा पहिल्या महिन्यात रडलेले. पण एक करा, शब्द सोडा आणि हात बघा.

आमच्याकडं परवाचंच. पोरगं भर उन्हात विहिरीकडं पळालं, आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यातनं ओरडल्या, "मेल्या, तंगडं मोडून गळ्यात बांधीन!" आणि ते आल्यावर पदरानं त्याचं तोंड पुसत पुसत गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, वर "गिळ आता" हे आहेच 😄 चार वर्षाचं पोरगं, खुदूखुदू हसत गिळलं. त्याला मुडदा म्हंजे काय माहीत नाही, पण त्या शब्दामागनं भाकरी येती हे पक्कं माहितीय.

आणि धमकी बघा, कायम न होणारी असती. तंगडं कोण गळ्यात बांधतंय? खऱ्या रागात माणूस होण्यासारखं बोलतं, "आज खेळायला जायचं नाही", बास. त्यात मेल्या नसतं, मुडद्या नसतं, पूर्ण नाव येतं नायतर एकदम "अहो शहाणे, या". ते ऐकलं की आमचं पोरगं गप कोपऱ्यात.

फक्त तुम्ही लगेच म्हणायला जाऊ नका. मी एकदा जावेच्या पोराला मेल्या म्हणले, दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. आजीला चालतं, नव्या काकूला नाही. आणि पोरगं हसायचं थांबलं, मान खाली घातली, तर मात्र आजी असली तरी मधी पडा.