लावणीत पायाला चिखल्या

प्रश्न: आई दिवसभर लावणीच्या चिखलात असते. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन चिरते, झोंबते. काय लावावं?

आधी बेचकी कोरडी करा, मलम नंतर. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचकं सुती फडक्याने टिपा, रात्री उघडं ठेवा. खाज आणि वास असेल तर बहुधा बुरशी. क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे. चार दिवसांत खाज थांबते म्हणून लोक सोडतात, आणि चिखल्या परततात. कोकमतेल टाचेच्या भेगांना उत्तम, पण ओल्या बेचक्यात नको.

पाय सुजला, पू आला किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर. ताप येऊन पोटऱ्या दुखल्या तर त्याच दिवशी. चिरांतून लेप्टो या तापाचा जंतू शिरतो.