पालकांनी ‘हो’ म्हटलं तरी ही जाहिरात चालणार नाही

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी कुडाळचा. मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी पाढे आणि मालवणी गोष्टींचं अ‍ॅप काढलं. फुकट आहे, जाहिरातींवर चालतं. आता मालवणच्या एका पालकाने वकिलाकरवी नोटीस धाडली आहे की, आम्ही मुलांची माहिती गोळा करून त्यांच्यावर जाहिराती सोडतो. अ‍ॅप उघडताना ‘मी पालक आहे, मला मान्य आहे’ अशी चौकट आहे, प्रायव्हसी पॉलिसीही आहे. एवढं पुरत नाही का? आणि 200 कोटींचा दंड खरंच होतो का?

उत्तर: पुरत नाही. पण तुम्ही ज्या चौकटीला धरून बसला आहात, ती तुमची मुख्य अडचणही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मधलं कलम 9 उघडा आणि त्यातली पोटकलमं वेगवेगळी वाचा. पोटकलम 1 म्हणतं, मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या. पोटकलम 3 म्हणतं, मुलांचा माग काढू नका, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवू नका आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवू नका. या तिसऱ्यात ‘संमती असल्यास चालेल’ असं कुठेही नाही. पालकाने आधार कार्ड दाखवून, सही करून ‘हो’ म्हटलं तरी ही मनाई उठत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक अ‍ॅपवाले ही दोन पोटकलमं एकत्र कालवतात, आणि मग सगळा पैसा संमतीच्या पानावर खर्च करतात.

आता तुमच्या अ‍ॅपमध्ये काय होत असणार ते पाहू. मुलगी चौथीत, हातात बाबांचा फोन. ती अ‍ॅप उघडते. तुमचं बोधचिन्ह पडद्यावर येतं न येतं तोच जाहिरात कंपनीचा एसडीके, म्हणजे अ‍ॅपमध्ये बसवलेला तिचा तयार कोड, जागा होतो आणि फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक त्या कंपनीकडे जातो. तुमची चौकट त्यानंतर येते. म्हणजे तुमची संमती, ती कितीही चांगली असली तरी, माहिती निघून गेल्यावरची आहे. पुढे सातच्या पाढ्याखाली होडीच्या इंजिनाच्या सुट्या भागांची जाहिरात झळकते, कारण बाबांनी काल तेच शोधलं होतं. तुमचा वकील म्हणून मला असा युक्तिवाद करता येईल की हेरलं ते बाबांना, मुलीला नाही. पण दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळापुढे त्यावर विसंबून मी उभी राहणार नाही. मुलांसाठीच म्हणून बनवलेल्या अ‍ॅपमध्ये समोर मूल आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती किती वेळ कुठे अडकली हेही त्याच क्रमांकाला जाऊन चिकटतंय.

म्हणून बदल रचनेत करायचा. मेहुण्याला सांगा की अ‍ॅपच्या मॅनिफेस्ट फाइलमधून ओळखक्रमांकाची परवानगी काढून टाक:

```xml
<uses-permission
  android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
  tools:node="remove" />
```

पण तेवढ्यावर थांबू नका. जाहिरातीच्या मागणीवर ‘हे अ‍ॅप मुलांसाठी आहे’ अशी खूण लावायची सोय एसडीकेमध्ये असते, ती चालू करा. ज्या एसडीकेला अशी सोय नाही तो काढून टाका. पानावर काय आहे तेवढं पाहून दिलेली जाहिरात, म्हणजे पाढ्यांच्या पानावर वह्यांची, माझ्या मते चालेल. मात्र ‘माग काढणे’ म्हणजे नेमकं काय याची व्याख्या कायद्यात नाही, त्यामुळे याची छातीठोक हमी मी देत नाही. मिळकत कमी होईल, ते खरं.

मूल चुकलं की सोपी गणितं देण्याची सोय तुमच्याकडे असेल, तर तीही ‘वागण्यावर नजर’ मानली जाऊ शकते. शैक्षणिक संस्थांना त्यांच्या शिक्षणकार्यासाठी या कायद्याखालच्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीत सूट आहे. तुम्ही शाळा नाही. शाळेशी लेखी करार करून तिच्या वतीने काम केलंत तर त्या सुटीचा आधार कदाचित मिळेल, पण मग त्यात जाहिरात घुसवू नका. त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की मुलीची प्रगती तिच्या फोनमध्येच साठवा, तुमच्या सर्व्हरवर आणूच नका. जे तुमच्याकडे येतच नाही, त्याची संमतीही मागावी लागत नाही.

तरीही खातं हवंच असेल तर आधी पालकाचं उघडा आणि त्याच्या आत मुलाचं टोपणनाव आणि इयत्ता ठेवा. नियम 10 प्रमाणे पालक म्हणवणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि गरज पडल्यास तिची ओळख पटेल, याची खातरजमा तुम्ही करायची आहे. ती तुमच्याकडे आधीच असलेल्या विश्वासार्ह तपशिलावरून, पालकाने स्वतः दिलेल्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेच्या टोकनवरून करता येते. खूण करायच्या चौकटीने यातलं काहीच होत नाही. ओटीपीने फक्त फोन कोणाचा ते कळतं, आणि तो फोन तर पोरीच्याच हातात आहे.

तुमची प्रायव्हसी पॉलिसी मी पाहिलेली नाही, पण त्यात ‘13 वर्षांखालील मुले’ असं लिहिलं असेल तर ती अमेरिकेच्या कायद्यावरून उचललेली आहे. आपल्याकडे मूल म्हणजे 18 पूर्ण न झालेलं. न वाचता उतरवलेला मजकूर उद्या तुमच्याच विरोधात वाचला जाईल.

दंडाचं म्हणाल तर कलम 9 मोडल्यास 200 कोटींपर्यंत होऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे; रक्कम ठरवताना चूक किती गंभीर होती, किती दिवस चालली आणि तुम्ही ती सुधारायला काय केलंत हे मंडळ पाहतं. स्टार्टअपना केंद्र सरकार काही तरतुदींतून सूट देऊ शकतं, पण कलम 17 मधल्या त्या यादीत कलम 9 नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले, आणि हा भाग 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतो. त्या दंडाची भीती त्याआधीच्या दिवसांसाठी नाही.

म्हणून हातपाय पसरून बसू नका. प्ले स्टोअरचं कौटुंबिक धोरण आजच लागू आहे आणि तिथे तारखांवर तारखा पडत नाहीत; अ‍ॅप थेट खाली उतरतं. Target audience and content या पानावर तुम्ही कोणता वयोगट निवडला होता ते आजच पाहा. जाहिरातीचं बंधन टाळायला 13 च्या वरचा निवडला असेल, तर दुसऱ्या कोणी दाखवून देण्याआधी दुरुस्त करा.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच द्या. त्याआधी सर्व्हरवरचं काही पुसू नका, कारण घाईने पुसलेला डेटा लपवाछपवीसारखा दिसतो. कोणता एसडीके, कोणती आवृत्ती, कधीपासून, एवढं लिहून ठेवा. नोटीस धाडणाऱ्या पालकाच्या मुलाची कोणती माहिती तुमच्याकडे आहे ती काढा आणि जाहिरात कंपनीकडे काय गेलं ते त्यांना लेखी विचारा. उत्तरात बदल कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या तारखेला येतोय ते सांगा, पण ती आवृत्ती हातात तयार असेल तरच. ‘आम्ही कोणतीही माहिती घेत नाही’ हे वाक्य मात्र लिहू नका. ते खोटं आहे आणि समोरच्या वकिलाला ते फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत कळेल.