उकडीच्या मोदकांची कृती ललित अंगाने, पण प्रमाण न बिघडवता

प्रश्न: "आजीची उकडीच्या मोदकांची कृती मला कोरड्या यादीसारखी नको, स्वयंपाकघराच्या गोष्टीसारखी, थोडी काव्यात्म लिहायची आहे. पण ती वाचून कुणी मोदक केले तर ते जमलेच पाहिजेत. माप आणि वेळ न हलवता हे कसं लिहायचं?"

मी पुण्यात दिवाळी अंकांची पाककृतीची पानं संपादित करते, त्यामुळे असं लिखाण नेहमी हातात येतं. त्यात आकडे क्वचितच चुकतात. चुकतं ते हे, की आकडा ज्या क्रियेचा आहे तिच्यापासून सुटून दुसरीला चिकटतो. फक्त उकडीपुरतं दाखवते.

साधी कृती अशी: १ वाटी पाणी उकळा, १ चमचा तूप आणि पाव चमचा मीठ घाला. आच मंद करून १ वाटी तांदळाची पिठी घालून ढवळा. झाकण ठेवून २ मिनिटं वाफ काढा. गॅस बंद करून ५ मिनिटं तसंच झाकून ठेवा.

आता शेवटची दोन वाक्यं पाहा. लिहिणाऱ्याला मोह होतो की "मग सात मिनिटं झाकणाखाली पिठी आपलं मऊपण शोधत राहते". वाक्य गोड आहे, बेरीजही बरोबर आहे, पण वाचणारा सातही मिनिटं गॅस चालू ठेवतो. उकड तळाला लागते, वरची कोरडी पडते आणि मळताना तिच्यात गुठळ्या राहतात. म्हणून आचेवरचा वेळ आणि आचेनंतरचा वेळ वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा आणि दोन्हींच्या मधे "गॅस बंद" हे शब्द जसेच्या तसे येऊ द्या.

मी ते असं लिहीन:

"जाड बुडाच्या पातेल्यात १ वाटी पाणी. आधी तळाशी मोत्यांसारखे बुडबुडे धरतात, मग पाणी कुजबुजतं, मग खळखळून उकळतं. त्या खळखळीत १ चमचा तूप आणि पाव चमचा मीठ पडतं. तूप सोनेरी चकत्या होऊन तरंगतं. आजी आच मंद करते, त्याच वाटीने १ वाटी पिठी सोडते आणि उलथन्याच्या दांड्याने ढवळते. पाणी दिसेनासं होतं. झाकण पडतं. मंद आचेवर २ मिनिटं. कडेच्या फटीतून आंबेमोहोराचा वास निसटू लागतो. गॅस बंद. झाकण तसंच, अजून ५ मिनिटं. ओट्यावर सारण गार होत असतं."

"त्याच वाटीने" हे दोन शब्द मी मुद्दाम घातले. आजीची चांदीची वाटी, देवघरातली वाटी अशी वर्णनं सुचतात, पण पिठी आणि पाणी एकाच वाटीने मोजलं तरच हे प्रमाण टिकतं. गोष्टीत दुसरी वाटी आलीच, तर ती मापाची नाही हे कळलं पाहिजे.

शेवटच्या वाक्यात नारळ खवण्याचा आवाज घालावासा वाटेल. घालू नका. या वेळेपर्यंत सारण शिजून झालेलं असतं. त्या आवाजाने वाचणारा गोंधळतो, आणि तो सारण करायला वळला तर इकडे उकड गार होते. गार उकड मळताना एकजीव होत नाही, पारीच्या कडा फाटतात. कृतीत आठवणी मागच्या चालतील, पण हातांची कामं घडतात त्याच क्रमाने यावीत.

काव्याला भरपूर जागा आहे, ती खुणांमध्ये. मोदक १० ते १२ मिनिटं वाफवायचे. हा आकडा तसाच राहू द्या. त्याच्या शेजारी "पारी चकाकू लागते, ओलं बोट लावलं तरी चिकटत नाही" असं लिहा. हे वर्णन म्हणजे मोदक झाल्याची परीक्षाच आहे, त्यामुळे ते जितकं नेमकं तितकं सुंदर. उलट "वाफेने आशीर्वाद दिला" यातून कुणाला काही कळत नाही. मापाबाहेरचे आकडेही टाळा: शंभर वर्षांचं पातेलं, दोन क्षणांचा विसावा. पिठीने भरलेल्या हातांनी कुणी पान शोधत असेल, तर दिसणारा प्रत्येक आकडा त्याच्या कामाचा असावा. म्हणूनच मापं अक्षरांत न लिहिता अंकांत लिहा.

लिहून झाल्यावर मोदक कधीच न केलेल्या माणसाला वाचायला द्या आणि त्यातून साधी यादी उतरवून मागा: काय, किती, किती वेळ, गॅस चालू की बंद. ती मूळ कृतीशी ताडून पाहा. त्याने जिथे थांबून प्रश्न विचारला, तेवढंच वाक्य पुन्हा लिहा.

एका जागी मात्र आकडा पक्का करता येत नाही. जुन्या तांदळाची पिठी पाणी जास्त पिते. तिथे साधंच लिहा: मळताना गोळ्याच्या कडांना भेगा दिसल्या तर कोमट पाण्याचा हात लावून, भेगा जाईपर्यंत मळा.