रात्री पल्स सारखी वर-खाली होते, स्लीप ॲप्निया असेल का?

प्रश्न: वय ४४. मनगटावरच्या बँडमध्ये रात्रभर पल्स ५५ वरून ८५-९० वर उडी मारते आणि लगेच खाली येते, असं कितीतरी वेळा. दिवसा सगळं ठीक, ईसीजीही नॉर्मल. बायको म्हणते खूप घोरतोस. हा स्लीप ॲप्निया असू शकतो का?

उत्तर:

असू शकतो. पण ९० चा आकडा बघून ते ठरत नाही. दोन उड्यांमध्ये किती वेळ जातो, ते बघा. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्रभर पडद्यासमोर बसून लोकांच्या झोपेच्या रेघा बघणं हेच माझं काम, त्यामुळे सवयीने माझी नजर आधी या अंतरावर जाते.

ॲप्नियात होतं असं. झोपेत घसा सैल पडून मिटतो. छाती-पोट श्वास ओढायला धडपडतात, पण हवा आत जात नाही. या काळात हृदय मंदावतं. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि शेवटी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. घसा उघडतो, मोठा घुर्रर्र करून श्वास आत येतो आणि त्याच क्षणी पल्स झपकन वर जाते. मग पुन्हा झोप, पुन्हा घसा बंद. म्हणजे ग्राफमधला खड्डा हा श्वास अडकल्याचा आणि टोक हे श्वास सुटल्याचं. लोक टोकाला घाबरतात, खरी गडबड त्याच्या आधीच्या खड्ड्यात असते.

हे चक्र साधारण पाऊण ते दीड मिनिटात एकदा फिरतं आणि ओळीने फिरत राहतं, म्हणून ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो. रात्रीत पाच-सहा सुट्या उड्या असतील तर ती गोष्ट वेगळी: कूस बदलली, लघवीला उठलात, एखादं स्वप्न पडलं. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत पल्स तशीही अस्थिर असते, पण तिथे दात सारख्या अंतरावर येत नाहीत. फसवणारा एक प्रकार आहे. काही जणांचे पाय झोपेत दर वीस-चाळीस सेकंदांनी झटका देतात आणि त्यानेही अशीच करवत उमटते. त्यात ऑक्सिजन मात्र उतरत नाही. पाय मारता का, हे बायकोला विचारा.

आता अडचण बँडची. बरेच बँड दर काही मिनिटांची सरासरी काढून एक ठिपका टाकतात. मिनिटभराचं चक्र त्या सरासरीत विरघळून जातं. तुम्हाला जे दिसतंय ते खरे दात आहेत की त्यांची सावली, हे आधी कळायला हवं. ॲपमध्ये ग्राफ मोठा करून दहा मिनिटांचा तुकडा बघा. त्यात दोन-तीनच ठिपके असतील तर त्यावरून काहीच सांगता येणार नाही. ऑक्सिजनचंही तसंच. बँड अधूनमधून मोजतो, मधली घसरण निसटून जाते. शिवाय पट्टा सैल असला किंवा हात अंगाखाली दबला तर खोटे आकडे येतात.

माझ्या मामांचं उदाहरण देतो. वय ५७, साताऱ्यात कापडाचं दुकान, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी. त्यांच्या बँडमध्ये तुमच्यासारख्याच उड्या होत्या. भाच्याचा सायकलिंगचा छातीचा पट्टा मी त्यांना एक रात्र बांधायला लावला, कारण त्यात प्रत्येक ठोका नोंदला जातो. २:२० ते २:३० या दहा मिनिटांत १२ दात निघाले, ६१ ते ८३, जवळपास ५० सेकंदांना एक. त्यानंतर तीन वाजल्यापासून पाऊण तास रेघ बऱ्यापैकी सरळ. मामी म्हणाली, "तेव्हा ते कुशीवर होते, मीच ढकललं." उताण्या झोपेत घसा जास्त मिटतो, त्यामुळे हे जुळलं. पावणेचारनंतर दात पुन्हा आले.

दहा मिनिटांत १२ म्हणजे तासाला ७२, असा गुणाकार मामांनी केला आणि घाबरले. तसं करायचं नसतं, कारण रात्रभर तोच वेग नसतो. छातीविकार तज्ज्ञांनी घरी करायची स्लीप टेस्ट दिली: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. त्यात तासाला ३१ वेळा श्वास अडकणं किंवा अपुरा पडणं निघालं आणि ऑक्सिजन ७८ पर्यंत उतरलेला. पाचच्या आत नॉर्मल, पाच ते पंधरा सौम्य, तीसपर्यंत मध्यम, तीसच्या वर तीव्र, अशी मोजणी असते.

तुम्ही काय करावं? हृदयाचा ईसीजी दिवसा काही सेकंदांचा काढतात, त्यात रात्रीचं काही दिसत नाही. तेव्हा 'ईसीजी नॉर्मल' यावर थांबू नका. घोरणं आहेच. सोबत दिवसा झोप येते का, बीपी आहे का, झोपेत श्वास थांबलेला बायकोने पाहिलाय का, हे लिहून काढा. तिने घोरण्याचा पाच मिनिटांचा आवाज मोबाईलवर टिपला तर फारच बरं. घोरणं, मग शांतता, मग धडाक्याने श्वास, हे त्यात ऐकू आलं तर कुठल्याही ग्राफपेक्षा ते बोलकं आहे. हे सगळं घेऊन छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि स्लीप टेस्टबद्दल विचारा. तोवर मनाने झोपेची गोळी घेऊ नका, आणि गाडी चालवताना डोळा लागत असेल तर चालवू नका.

घरची टेस्ट नॉर्मल आली तरी एक खोच आहे. त्या यंत्राला तुम्ही जागे होता की झोपलेले, हे बहुधा कळत नाही. ते नोंदीच्या सगळ्या तासांनी भागतं. चार तास झोपलात आणि सात तास यंत्र चालू राहिलं तर आकडा कमी येतो. त्रास स्पष्ट असेल तर लॅबमधली रात्रभराची टेस्ट मागा.

उलट बाजूही सांगतो. ग्राफ सपाट असला म्हणजे सुटलो, असं नाही. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल, जुना मधुमेह असेल, पेसमेकर असेल तर हे दात बुटके होतात किंवा दिसतच नाहीत. आणि पल्स नुसती वर-खाली नव्हे, तर ठोक्यांचा तालच चुकतोय, झोपेत बराच वेळ १२०-१३० च्या वर राहतेय, किंवा चक्कर येतेय, छातीत दुखतंय, तर आधी हृदयाचे डॉक्टर गाठा. दुखणं किंवा बेशुद्धी असेल तर सकाळची वाट न बघता.

मामांना सीपॅप मशीन लागलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा छातीचा पट्टा बांधला. पहाटे चारपर्यंत रेघ सपाट आणि ४:१० पासून करवत सुरू. मामा म्हणाले, मशीन बिघडलं. मामीने सांगितलं, चार वाजता तुम्हीच मास्क काढून उशीखाली ठेवला होता.